पीएफचं देय खातं शून्य, चलनं वेळेत, तरी पगारपत्रकाशी मेळ का बसत नाही?

सुप्रिया_कोल्हापूर – सोम, 05/08/2024 - 21:40

नमस्कार मंडळी. मी एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप करते, दुसरं वर्ष चालू आहे. सध्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फौंड्रीचं 2023-24 चं टॅक्स ऑडिट माझ्याकडे आहे. भागीदारी फर्म आहे, 42 कामगार आहेत. पीएफ आणि ईएसआयचं काम सरांनी पूर्ण माझ्यावर सोपवलंय.

बाराही महिन्यांची पीएफची चलनं फाईलला आहेत आणि सगळी 15 तारखेच्या आत भरलेली आहेत. टॅलीमध्ये पीएफ देय खातं प्रत्येक महिन्याला शून्य होतं. एवढं बघून मी टिक करून पुढे जाणार होते. पण टॅक्स ऑडिटच्या 3सीडी फॉर्मच्या कलम 20(ब) साठी कामगारांच्या कपातीचा महिनावार तक्ता करायला घेतला आणि तिथे अडकले. ऑक्टोबर 2023 च्या पगारपत्रकात कामगारांची पीएफ कपात 68,280 आहे, तर त्याच महिन्याच्या चलनात कामगारांचा हिस्सा 63,600 दिसतो. म्हणजे 4,680 चा फरक. नोव्हेंबर, डिसेंबरलाही तोच. एप्रिल ते जून मात्र रुपयाचाही फरक नाही.

अकाउंटंटना विचारलं तर म्हणाले, "खातं शून्य आहे ना ताई, मग फरक कसला?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे कमी भरलेत, मग खात्यात शिल्लक का दिसत नाही?

---

विक्रांत_के – सोम, 05/08/2024 - 22:15

पगारपत्रक नंतर दुरुस्त केलं असेल. कोणाची रजा मागाहून कळते, चलन आधी निघालेलं असतं, आमच्याकडे असं नेहमी होतं. चलन वेळेत भरलंय हे महत्त्वाचं. आणि समजा थोडं कमी भरलं असलं तरी रिटर्न भरायच्या तारखेआधी भरून टाकायला सांगा, आयकर कायद्याच्या 43बी खाली खर्च मान्य होतो. यात फार खोल जायची गरज वाटत नाही.

---

जमाखर्च – सोम, 05/08/2024 - 23:05

सुप्रिया, फरक दर महिन्याला तंतोतंत तोच आहे, ही गोष्ट धरून ठेव. रजेमुळे, खाड्यांमुळे पडलेला फरक दर महिन्याला बदलतो. ठरावीक रक्कम महिनोन्‌महिने येते तेव्हा बहुतेक वेळा ठरावीक माणसंच गळलेली असतात.

तू फक्त चलन बघितलंस, आणि चलनावर बेरजेशिवाय काही नसतं. चलन ज्यावरून निघतं ती ईसीआर फाईल माग, म्हणजे पोर्टलवर चढवलेली मूळ टेक्स्ट फाईल. छापलेली प्रत घेऊ नकोस. त्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. 13,000 पीएफ पगार असलेल्या माणसाची ओळ अशी दिसेल:

```
1XXXXXXXXXXX#~#NAME#~#16200#~#13000#~#13000#~#13000#~#1560#~#1083#~#477#~#0#~#0
```

पहिला यूएएन, म्हणजे कामगाराचा बारा आकडी पीएफ क्रमांक, मग नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, पेन्शनचा पगार, विम्याचा पगार. त्यानंतर कामगाराचे 1,560, मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनला गेलेले 1,083 आणि उरलेले 477. शेवटून दुसरा आकडा बिनपगारी दिवसांचा.

ही फाईल एक्सेलमध्ये आण. यूएएनचा रकाना आधी टेक्स्ट कर, नाहीतर बारा आकडी नंबर आखडून 1.01E+11 असा दिसतो आणि डोळ्यांनी पडताळता येत नाही. मग पगारपत्रकाच्या प्रत्येक ओळीसमोर एवढंच लाव (बी रकान्यात यूएएन आणि के रकान्यात कपात धरून):

```
=COUNTIF(ECR!A:A,B2)
=SUMIF(ECR!A:A,B2,ECR!G:G)-K2
```

पहिल्यात शून्य आलं की तो माणूस ईसीआरमध्ये नाहीच. दुसऱ्यात शून्याखेरीज काहीही आलं तर माणूस आहे पण रक्कम वेगळी आहे. जुळणी नावावरून करू नकोस, आपल्याकडे एकाच खात्यात तीन संतोष पाटील असतात. आणि उलटी जुळणीही कर: ईसीआरमध्ये आहे पण पगारपत्रकात नाही असा कोणी आहे का. नुसती बेरीज जुळवली तर एक गळलेला आणि एक घुसवलेला एकमेकांना झाकून टाकतात.

खातं शून्य का दिसतं याचं उत्तर मला बहुधा माहीत आहे, पण आधी हे करून ये.

---

रवी_नाशिक – मंगळ, 06/08/2024 - 08:20

माझाही पीएफचाच प्रश्न आहे. जुन्या कंपनीतून पैसे काढायला अर्ज केला होता, तो नाव जुळत नाही म्हणून परत आला. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आहे आणि पीएफला फक्त आद्याक्षर. ऑडिटवाले हे दुरुस्त करून देतात का?

---

पगारवाली_संध्या – मंगळ, 06/08/2024 - 09:45

रवीदादा, ते काम ऑडिटवाल्यांचं नाही. तुम्हाला जुन्या मालकाबरोबर जॉइंट डिक्लरेशन करावं लागेल, पोर्टलवरून होतं. पण तुमचा प्रश्न अगदीच अवांतर नाही, सुप्रियाच्या फरकामागेही हेच निघू शकतं. 2021 च्या सप्टेंबरपासून आधार जोडलेलं नसेल तर त्या माणसाची ओळ ईसीआरमध्ये घेतच नाहीत. फाईल अडकली आणि 15 तारीख तोंडावर असली की टाइम ऑफिसचा माणूस त्या ओळी काढून बाकीची फाईल चढवतो. पगारात कपात मात्र चालूच राहते, कारण पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. मी चाकणला पगार बघते, हे डोळ्यांनी पाहिलंय.

विक्रांत, तुमच्या 43बी वर जमाखर्च काका बोलतीलच.

---

सुप्रिया_कोल्हापूर – मंगळ, 06/08/2024 - 20:30

केलं! ईसीआरमध्ये 39 ओळी आहेत आणि पगारपत्रकात 42. तिघंजण जुलै 2023 ला लागले, तिघांचाही पीएफ पगार 13,000. तीन गुणिले 1,560 म्हणजे बरोब्बर 4,680. उलट जुळणीत कोणी जास्तीचा निघाला नाही. तिघंही पूर्ण हजेरीवाले, म्हणून जुलै ते मार्च नऊही महिने आकडा तोच.

संध्याताई म्हणाल्या तसंच असावं, उद्या कारखान्यात जाऊन विचारते. पण खातं शून्य कसं हे अजून कळलेलं नाही.

---

जमाखर्च – मंगळ, 06/08/2024 - 22:10

छान. आता ऑक्टोबरचंच चलन घे. 39 जणांचा पीएफ पगार 5,30,000. कामगारांचे 12 टक्के म्हणजे 63,600 आणि मालकाचे तेवढेच. वर विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासनाचा अर्धा टक्का, प्रत्येकी 2,650. एकूण चलन 1,32,500.

टॅलीमध्ये काय होतं बघ. पगाराच्या नोंदीत देय खात्याला 68,280 जमा होतात, कारण ती नोंद पगारपत्रकावरून होते. मग चलन भरल्याच्या नोंदीत अकाउंटंट 1,32,500 मधले 68,280 देय खात्याला नावे टाकतो आणि उरलेले 64,220 "मालकाचा पीएफ हिस्सा" म्हणून खर्चात टाकतो. देय खातं शून्य. मालकाचा हिस्सा तो स्वतंत्र काढतच नाही, उरलेली रक्कम म्हणजे मालकाचा हिस्सा असं धरतो. कामगारांचे न भरलेले 4,680 असे मालकाच्या खर्चात जिरतात. तुझ्या अकाउंटंटनी लबाडी केली असं मी म्हणत नाही, वर्षानुवर्षांची लिहिण्याची सवय आहे ती. पण या सवयीमुळे ते खातं कधीच बोलत नाही.

आता खर्चाचं खातं तपास. 42 जणांच्या 5,69,000 वर मालकाचा खर्च 13 टक्के, म्हणजे 73,970 हवा होता. नोंदलाय 64,220. तफावत 9,750, आणि तीच तिघांच्या 39,000 वरची पूर्ण 25 टक्के रक्कम आहे.

यातून एक झटपट चाचणी मिळते, मी प्रत्येक ऑडिटला पहिल्या तासात हीच करतो. मालकाच्या पीएफ खर्चाला कामगारांच्या कपातीने भागायचं. तेराला बाराने भागल्यावर येतं ते, म्हणजे 1.083 यायला हवं. तुझ्याकडे 64,220 भागिले 68,280, म्हणजे 0.94. एकाच्या खाली आलं की भरणा कपातीपेक्षा कमी आहे असं समजून फायली मागवायच्या. ईएसआयला हेच गुणोत्तर 4.33 आहे, कारण कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन.

मर्यादाही सांगतो. कोणी स्वेच्छेने जास्त पीएफ कापून घेत असेल तर गुणोत्तर खाली येतं, त्यात दोष काही नसतो. अगदी लहान युनिटमध्ये प्रशासन खर्चाची किमान 500 रुपयांची अट लागते, तिथे ते वर जातं. आणि मालकाने कपातही दाखवली नाही, भरणाही केला नाही, तर गुणोत्तर अगदी बरोबर येईल. तिथे हजेरीपट आणि पगारपत्रक यांचीच जुळणी करावी लागते.

विक्रांतसाहेब, 43बी मालकाच्या हिश्श्याला लागतं. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा मालकाचा नव्हेच. तो 36(1)(व्हीए) खाली येतो आणि पीएफ कायद्याच्या तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या 15 ला, भरला नसेल तर ती वजावट कायमची जाते. पूर्वी उच्च न्यायालयांत यावर दोन्ही बाजूंचे निकाल होते. 12 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात तो वाद मिटवला.

---

विक्रांत_के – बुध, 07/08/2024 - 10:05

कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा हा फरक मी करत नव्हतो, हे मान्य. आमच्याकडेही उरलेली रक्कम खर्चात टाकतात. काल रात्री आमचं गुणोत्तर काढलं, 1.08 आलं, जीव भांड्यात पडला.

पण एक शंका राहते. ते तिघं पीएफच्या बाहेरचे असले तर? 15,000 च्या वर पगार असलेला आणि आधी कधी सभासद नसलेला माणूस बाहेर राहू शकतो ना?

---

पगारवाली_संध्या – बुध, 07/08/2024 - 11:20

राहू शकतो, पण मग त्याच्या पगारातून कपातच व्हायला नको. इथे कपात झालीय आणि पीएफ पगार 13,000 आहे. एकदा कापले की ते पैसे ठेवीसारखे मालकाच्या हातात आहेत. भारतीय दंड विधानाच्या कलम 405 च्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिलं होतं, आता न्याय संहितेच्या 316 मध्ये आलंय. म्हणून कपात आणि भरणा यांतल्या फरकाला मी कधीच किरकोळ म्हणत नाही.

सुप्रिया, ईएसआयमध्ये आणखी एक जागा बघ. ओव्हरटाइम. 21,000 ची मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरायचा नाही, पण वर्गणी कापताना धरायचा. कोणाचा पगार 20,400 आणि ओव्हरटाइम 3,600 असेल तर तो मर्यादेच्या आतच आहे आणि वर्गणी 24,000 वर, म्हणजे त्याचे 180 आणि मालकाचे 780. पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर 24,000 बघून त्याला त्या महिन्यापुरतं बाहेर काढतं.

आणि खरी पगारवाढ होऊन कोणी ऑगस्टमध्ये 21,000 ओलांडले तरी सप्टेंबरअखेरपर्यंत त्याची वर्गणी चालूच ठेवायची असते, कारण एप्रिल ते सप्टेंबर हा एक सलग वर्गणी काळ आहे. ऑगस्ट, सप्टेंबरच्या यादीतून अचानक गायब झालेली नावं शोध.

---

मंगल_चिंचवड – बुध, 07/08/2024 - 15:50

मी हिशेबातली नाही, तरी लिहिते. माझे मिस्टर ठेकेदाराकडून एका कारखान्यात होते. ईएसआय दर महिन्याला कापलेलं पगाराच्या पावतीवर आहे. फेब्रुवारीत त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरी होते. ऑपरेशन ईएसआयतून झालं, पण आजारपणाच्या पगाराला गेलो तर सांगितलं की तुमचे दिवस कमी आहेत. एप्रिल ते सप्टेंबर 78 दिवस लागतात, तुमचे 72 दिसतात. अहो, ते महिन्याला 26 दिवस कामावर जायचे! ठेकेदाराने प्रत्येक महिन्याला 12 दिवसच लिहिले होते. सहा दिवसांसाठी आमचे पैसे बुडाले. मुख्य कारखान्याचंही ऑडिट होत असेलच, मग हे कोणाला कसं दिसलं नाही?

---

जमाखर्च – बुध, 07/08/2024 - 21:30

मंगलताई, वाचून वाईट वाटलं. दिसलं नाही, कारण मुख्य कारखान्यात ठेकेदाराचं चलन बिलाला जोडलेलं आहे की नाही एवढंच बघतात. 12 दिवसांचा पगार दाखवून भरलेलं चलनही पावती म्हणून खरंच असतं.

तुमच्या हातात पगाराच्या पावत्या आहेत, त्या जपून ठेवा. मिस्टरांच्या विमा क्रमांकावर पोर्टलवरून वर्गणीचा इतिहास काढा, त्यात महिनावार दिवस आणि पगार दिसतात. कारखान्याच्या गेटवरच्या हजेरीची प्रत मिळाली तर फारच चांगलं. हे तिन्ही जोडून ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि मुख्य कारखान्यालाही एक प्रत द्या. ईएसआय कायद्याच्या कलम 40 खाली ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे, त्यामुळे ते हात झटकू शकत नाहीत. वर्गणी काळ दुरुस्त झाला तर मागचा लाभ मागता येतो, पण त्यासाठी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

सुप्रिया, तुझ्या फौंड्रीत ठेक्याची माणसं असतील तर ताईंचा अनुभव डोळ्यासमोर ठेवून दिवसांचा रकाना तपास. ईएसआयमध्ये भरलेले दिवस आणि पीएफमध्ये बिनपगारी दिवस, दोन्ही हजेरीपटाशी लावून बघ. रुपये जुळवून झाले की लोक थांबतात आणि दिवस तसेच राहतात.

---

पगारवाली_संध्या – बुध, 07/08/2024 - 22:00

ठेकेदारांचं आणखी एक. एकच ठेकेदार तीन कारखान्यांना माणसं पुरवतो आणि तिन्हीकडे एकाच ईसीआरची प्रत देतो. प्रत्येकाला वाटतं आपली माणसं त्यात आहेत. मी आता बिलाबरोबर आमच्या गेटच्या हजेरीतल्या माणसांचे यूएएन मागते आणि प्रत्येक ओळ त्या फाईलमध्ये शोधते. पहिल्याच महिन्यात 31 पैकी 8 माणसं सापडली नाहीत. बिल अडवलं तेव्हा पुढच्या आठवड्यात भरणा झाला.

---

सुप्रिया_कोल्हापूर – शुक्र, 09/08/2024 - 21:15

काल कारखान्यात गेले होते. टाइम ऑफिसमधल्या दादांनी काहीही लपवलं नाही. तिघांचे यूएएन जुन्या नोकरीतले आहेत. एकाचं पीएफला "राजू" आणि आधारला "राजेंद्र", दुसऱ्याची जन्मतारीख वेगळी, तिसऱ्याचं आधार जोडलेलंच नाही. जुलैची फाईल अडकली तेव्हा त्यांनी तीन ओळी काढल्या आणि पुढच्या महिन्यात घालू म्हणून ठेवल्या. मग दर महिन्याला मागच्या महिन्याचीच फाईल उघडून त्यावरून नवी करत गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात एका कागदावर ती तीन नावं पेन्सिलने लिहिलेली होती, खाली "केवायसी बाकी". वर्षभर तो कागद तिथेच होता.

हिशेब असा झाला: नऊ महिन्यांचे एकूण 87,750, त्यात कामगारांचे कापलेले 42,120. सर मालकांशी बोलले. 42,120 ची वजावट गेली हे त्यांना पटायला वेळ लागला. व्याज वर्षाला 12 टक्के सरळ व्याजाने. जुलैचे 9,750 त्यांनी 15 ऑगस्टला भरले तर त्या एका महिन्याचेच साधारण 1,170 होतात. दंडाची नोटीस वेगळी येईल ती येईल. भरायचं म्हणाले आहेत.

ईएसआयमध्ये तिघंही आहेत, तिथे गुणोत्तर 4.31 आलं. ओव्हरटाइमवाला एक माणूस दोन महिने गळलेला सापडला, संध्याताई, अगदी तुम्ही सांगितलं तसाच.

दोन प्रश्न उरलेत. 20(ब) च्या तक्त्यात हे 42,120 कसे दाखवायचे? आणि तिघांना 13,000 च्या वर 1,800 उपस्थिती भत्ता आहे, तो पीएफ पगारात धरायला हवा होता का?

---

जमाखर्च – शुक्र, 09/08/2024 - 22:40

तक्त्यात प्रत्येक महिन्याच्या दोन ओळी कर. एक 39 जणांची, भरल्याच्या तारखेसह. दुसरी 4,680 ची, त्यात देय तारीख लिही आणि भरणा झालेला नाही असं स्पष्ट दाखव. तुमचा अहवाल सही होण्याआधी पैसे भरले गेले तर खरी तारीख टाक. दोन्ही एकत्र करून वेळेत भरल्याची तारीख टाकू नकोस, तिथेच चुका होतात.

भत्त्याचं म्हणशील तर माझ्या मते धरायला हवा. 28 फेब्रुवारी 2019 च्या विवेकानंद विद्यामंदिरच्या निकालाची कसोटी अशी आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ पगारात येतो. 13,000 अधिक 1,800 म्हणजे 14,800, तोही 15,000 च्या आतच.

---

पगारवाली_संध्या – शुक्र, 09/08/2024 - 23:10

काका, इथे मी वेगळं म्हणेन. उपस्थिती भत्ता पूर्ण हजेरी भरली तरच मिळत असेल आणि एक खाडा झाला की जात असेल, तर तो सरसकट नाही, जास्तीच्या कामगिरीशी बांधलेला आहे. त्याच निकालात अशा रकमा बाहेर ठेवायला जागा आहे.

---

जमाखर्च – शुक्र, 09/08/2024 - 23:35

मग कागदावर अट काय आहे आणि प्रत्यक्षात काय होतं ते बघावं लागेल. 42 पैकी 42 जणांना बाराही महिने मिळाला असेल तर कागदावरची अट टिकणार नाही. सुप्रिया, हजेरीपटात खाडा असलेल्या महिन्यात भत्ता कापलाय का ते बघून सांग.

---

सुप्रिया_कोल्हापूर – शनि, 17/08/2024 - 19:50

बघितलं. वर्षात खाडे असलेल्या महिन्यांपैकी निम्म्यांत भत्ता कापलाय, निम्म्यांत नाही. सुपरवायझरच्या मर्जीवर आहे. सरांनी तो मुद्दा मालकांना पत्रात लेखी कळवलाय, निर्णय अजून झालेला नाही.

दोघांचं जॉइंट डिक्लरेशन गेलं, मंजूर झालं की त्यांच्या नऊ महिन्यांच्या फाईली चढवायच्या आहेत. तिसरा जूनमध्ये काम सोडून गावी गेलाय आणि आधार जोडायला तो स्वतःच लागतो. टाइम ऑफिसच्या दादांनी त्याचा जुना नंबर लावला, बंद आहे. त्याच्याबरोबर खोलीवर राहणारा एकजण अजून फौंड्रीत आहे, सोमवारी पहिल्या पाळीला त्याला भेटणार आहेत.